ड्रमच्या नोटेशनमध्ये कुठल्या रेघेवर काय? स्नेअर, बेस ड्रम आणि हाय-हॅट ओळखायचे कसे

प्रश्न : मी कीबोर्डची पहिली ग्रेड केली आहे आणि आता ड्रम शिकायला सुरुवात केली आहे. सरांनी दिलेल्या पुस्तकात त्याच पाच रेघा आहेत, पण नोट्स वेगळ्याच दिसतात. काही गोल, काही फुलीच्या, काहींच्या दांड्या वर, काहींच्या खाली. स्नेअर कुठल्या रेघेवर, बेस ड्रम कुठे, हाय-हॅट कुठे? कीबोर्डला पहिली स्पेस म्हणजे एफ होती, इथे तसं काही आहे का? आणि इंटरनेटवरून काढलेल्या दुसऱ्या एका शीटमध्ये सिंबल वेगळ्याच जागी आहे, मग खरं कुठलं मानायचं?

उत्तर :

तिन्ही जागा आधी सांगतो, मग कारणांकडे वळू. रेघा आणि स्पेस दोन्ही खालून मोजायच्या. बेस ड्रम सर्वांत खालच्या, म्हणजे पहिल्या स्पेसमध्ये. स्नेअर तिसऱ्या स्पेसमध्ये, म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्या रेघेच्या मध्ये. हाय-हॅट पाचव्या रेघेच्या वर, रेघेला टेकून, आणि त्याचं डोकं गोल नसून फुलीचं. सुरुवातीच्या धड्यांमधले बहुतेक बीट एवढ्या तीन जागांवरच चालतात.

खालून मोजायचं हे तुम्हाला कीबोर्डमुळे ठाऊक आहे. तरी मुद्दाम सांगतोय, कारण ज्यांनी आधी कुठलंच स्टाफ नोटेशन वाचलेलं नाही ते हमखास वरून मोजतात. आपण पान वरून खाली वाचतो, त्यामुळे हात आपोआप वरच्या रेघेवर जातो. चूक झाली की ती लगेच ऐकू येते. वरून तिसरी स्पेस ही खालून दुसरी असते आणि तिथे फ्लोर टॉम बसतो. वरून पहिली स्पेस ही खालून चौथी, तिथे छोटा टॉम. म्हणजे विद्यार्थी साधा रॉक बीट वाजवायला बसतो आणि स्नेअरच्या ठिकाणी फ्लोर टॉम बडवतो, तेव्हा तो वरून मोजतोय हे मला दुरूनही कळतं.

आता एफचा प्रश्न. स्टाफच्या अगदी डावीकडे पाहा. कीबोर्डच्या पुस्तकात तिथे ट्रेबल क्लेफचं वळणदार चिन्ह असतं. ड्रमच्या पानावर त्या जागी दोन जाड उभ्या रेघा असतात, एकमेकींच्या शेजारी, साधारण दुसऱ्या रेघेपासून चौथ्या रेघेपर्यंत. हा पर्कशन क्लेफ. तो दिसला की या पानावर उंचीचा अर्थ स्वर असा नाही, उंचीचा अर्थ वाद्य असा आहे. पहिल्या स्पेसमधली नोट एफ वाजवा असं सांगत नाही, पायाने बेस ड्रम वाजवा असं सांगते. एखादा ड्रम कुठल्या स्वरात ट्यून केला आहे याच्याशी पानाला काहीच घेणं नसतं. जुन्या बँडच्या कागदांवर दोन उभ्या रेघांऐवजी बेस क्लेफ छापलेला आढळतो, म्हणजे कानाच्या आकाराचं आणि दोन टिंबांचं चिन्ह. तो पाहून गोंधळू नका. पार्ट ड्रमचा असेल तर तिथेही बेस ड्रम पहिल्या आणि स्नेअर तिसऱ्या स्पेसमध्येच असतो.

जागा पाठ करायच्या तर सेटकडे बघत करा. तुम्ही स्टुलावर बसलात की सर्वांत खाली, पायाशी, बेस ड्रम. मांड्यांच्या मध्ये स्नेअर. त्याहून वर, डाव्या हाताशी, हाय-हॅटच्या दोन थाळ्या. कागदावरही हाच क्रम खालून वर येतो. धातूच्या वाद्यांना फुली आणि कातड्याच्या, म्हणजे आजच्या प्लॅस्टिकच्या, ड्रमना गोल डोकं हा दुसरा नियम. एवढ्या दोन गोष्टींवर नव्वद टक्के वाचन उभं राहतं, असं माझं शिकवण्याच्या अनुभवावरून ठाम मत आहे.

साधा पाच ड्रमचा सेट घेतला, म्हणजे बेस, स्नेअर, वरचे दोन टॉम आणि फ्लोर टॉम, तर एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. चारही स्पेस ड्रमनी भरलेल्या असतात : खालून बेस ड्रम, फ्लोर टॉम, स्नेअर आणि छोटा टॉम. मधला टॉम चौथ्या रेघेवर आणि राइड सिंबल पाचव्या रेघेवर. खालच्या तीन रेघांवर मात्र सहसा काहीच बसत नाही. त्यामुळे तुम्हाला पहिल्या, दुसऱ्या किंवा तिसऱ्या रेघेच्या अंगावर गोल डोकं दिसलं, तर आधी डोळे चोळा. बहुधा ती स्पेसमधलीच नोट असते आणि छपाई किंवा झेरॉक्स खराब असतो. खरोखरच रेघेवर असेल तर दुसरा बेस ड्रम किंवा जादाचा टॉम असू शकतो, आणि त्याचा उलगडा पुस्तकातल्या चिन्हांच्या तक्त्यात मिळतो.

आता एक पूर्ण बार वाचू. इथे पाच रेघा टाइप करून काढल्या आहेत, खालची पहिली, वरची पाचवी. दांड्या काढलेल्या नाहीत, फक्त डोकी आहेत.

```
  x  x  x  x  x  x  x  x
--------------------------

--------------------------
        o           o
--------------------------

--------------------------
  o           o
--------------------------
  1  &  2  &  3  &  4  &
```

पुस्तकात खालची ओळ, म्हणजे मोजणी, बहुतेक वेळा छापलेली नसते. ती पेन्सिलने तुम्ही लिहायची. सुरुवातीच्या काही आठवड्यांत प्रत्येक नव्या धड्यावर लिहा. चार-चारची मोजणी आहे, म्हणजे बारमध्ये चार मात्रा. वरच्या फुल्या आठ आहेत, म्हणजे प्रत्येक मात्रेला दोन. तबला किंवा ढोलकी कानावर असलेल्यांना हे चटकन कळतं : हात दुगुणीत चालला आहे आणि खाली चार मात्रा ठाय लयीत उभ्या आहेत. तोंडाने ‘वन अँड टू अँड थ्री अँड फोर अँड’ म्हणायचं, आकड्यावर मात्रा आणि ‘अँड’वर तिचा मध्य.

वाचायची दिशा इथे महत्त्वाची आहे. कीबोर्डवर तुम्ही एका हाताची ओळ डावीकडून उजवीकडे वाचत जात होता. ड्रमवर नवशिक्याने आधी उभं वाचावं. पहिला स्तंभ घ्या : वर फुली, खाली पहिल्या स्पेसमध्ये गोल. दोन्ही एकाच उभ्या रेषेत, म्हणून हाय-हॅट आणि बेस ड्रम एकदम. दुसरा स्तंभ, पहिल्या मात्रेचा ‘अँड’ : फक्त फुली, म्हणून फक्त हाय-हॅट. तिसरा स्तंभ, दुसरी मात्रा : फुली आणि तिसऱ्या स्पेसमध्ये गोल, म्हणून हाय-हॅट आणि स्नेअर एकदम. चौथा, एकटा हाय-हॅट. पाचवा पुन्हा हाय-हॅट आणि बेस, सहावा एकटा हाय-हॅट, सातवा हाय-हॅट आणि स्नेअर, आठवा एकटा हाय-हॅट. सेटवर बसण्याआधी हे मोठ्याने म्हणा : ‘हॅट-किक, हॅट, हॅट-स्नेअर, हॅट, हॅट-किक, हॅट, हॅट-स्नेअर, हॅट’. बेस ड्रमला वाजवणारे सगळे किकच म्हणतात, तेव्हा तोंडात तोच शब्द बसू द्या. जीभ अडखळली नाही की हातपायही फारसे अडखळत नाहीत.

आता हाच बार छापील पानावर कसा दिसतो ते. फुल्यांच्या दांड्या वर जातात आणि वर एका जाड आडव्या पट्टीने जोडल्या जातात. ही पट्टी म्हणजे त्या आठव्या भागाच्या नोटा असल्याची खूण. पट्टी कधी चार-चार फुल्यांना मिळून असते, कधी दोन-दोनांना. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला फुलीची दांडी खाली वाढून स्नेअरच्या गोलापर्यंत येते, म्हणजे एकाच दांडीवर दोन डोकी : वर फुली, मध्ये गोल. बेस ड्रमची दांडी मात्र खाली जाते, वरच्या पट्टीशी तिचा संबंध नसतो. ही सर्वांत जास्त वापरली जाणारी पद्धत आहे : हातांच्या दांड्या वर, पायांच्या दांड्या खाली. पानावर जणू दोन ओळी एकमेकींवर छापल्या आहेत, वरची हातांची आणि खालची पायांची.

यातूनच नवशिक्याची सगळ्यात मोठी अडचण तयार होते, आणि तिच्यासाठी मी थोडा वेळ घेतो. दोन ओळी आहेत म्हणून दोन्हींचा हिशेब वेगवेगळा पूर्ण व्हावा लागतो. वरच्या ओळीत आठ फुल्या आहेत, चार मात्रा भरल्या. खालच्या ओळीत बेस ड्रम फक्त पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला आहे, म्हणून दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला तिथे एका मात्रेचं रेस्टचं चिन्ह, ती उभी नागमोडी खूण, छापलेली असते. नवीन विद्यार्थी वाजवत येतो, दुसऱ्या मात्रेवर रेस्ट दिसतो आणि थबकतो. त्याला वाटतं सगळंच थांबायचं. तो रेस्ट फक्त पायासाठी आहे. हात चालूच राहतात, उलट नेमकी तिथेच स्नेअर आहे. ओळखायचं कसं? रेस्ट कुठल्या उंचीवर आहे ते पाहा. स्टाफच्या खालच्या बाजूला सरकवलेला रेस्ट पायांचा, वरच्या बाजूचा हातांचा. आणि त्याच स्तंभात वर फुली दिसत असेल तर हात थांबण्याचा प्रश्नच येत नाही.

सगळी पुस्तकं अशी दोन ओळींत छापत नाहीत. काही प्रकाशक तिन्ही वाद्यांच्या दांड्या वरच नेतात. मग पहिल्या मात्रेला एकच लांब दांडी दिसते, तिच्या तळाशी बेस ड्रमचा गोल आणि वर हाय-हॅटची फुली. पायाचे रेस्ट तिथे नसतात, कारण पायाची वेगळी ओळच उरत नाही. पान मोकळं दिसतं, पण पाय काय करतोय हे एकटं वेगळं काढून वाचणं अवघड जातं. वाजायचं मात्र दोन्हीकडे अगदी तेच.

इथे कीबोर्डची एक सवय सोडावी लागेल. कीबोर्डवर एक मात्रेची नोट म्हणजे बोट मात्राभर दाबून ठेवायचं. स्नेअरवर काठी पडली की आवाज आपोआप विरतो, तो लांबवता येत नाही. त्यामुळे ड्रमच्या पानावरची नोट कधी वाजवायचं एवढंच सांगते, किती वेळ धरायचं ते नाही. बेस ड्रम एक मात्रेच्या नोटेने लिहिला काय, किंवा अर्ध्या मात्रेची नोट आणि पुढे अर्ध्या मात्रेचा रेस्ट असा लिहिला काय, कानाला फरक शून्य. दोन पुस्तकांत एकच बीट वेगवेगळा लिहिलेला दिसतो त्यामागे पुष्कळदा एवढंच असतं. उघड्या हाय-हॅटसारखी वाद्यं याला थोडा अपवाद आहेत, त्याकडे येतोच.

पहिला बार बसला की दुसरा घ्या. त्यात फक्त एक बेस ड्रम वाढवला आहे.

```
  x  x  x  x  x  x  x  x
--------------------------

--------------------------
        o           o
--------------------------

--------------------------
  o        o  o
--------------------------
  1  &  2  &  3  &  4  &
```

जादाची किक दुसऱ्या मात्रेच्या ‘अँड’वर आहे, म्हणजे चौथ्या स्तंभात. छापील पानावर पायाची ओळ अशी दिसेल : पहिल्या मात्रेला एक मात्रेची काळी नोट, मग अर्ध्या मात्रेचा रेस्ट, मग शेपटी असलेली अर्ध्या मात्रेची नोट, तिसऱ्या मात्रेला पुन्हा काळी नोट, शेवटी एक मात्रेचा रेस्ट. अर्ध्या मात्रेचा रेस्ट छोटा असतो, वर एक ठिपका आणि खाली तिरकी दांडी, साधारण सातच्या इंग्रजी आकड्यासारखा. तो दुसऱ्या मात्रेच्या आकड्यावर बसला आहे. म्हणजे ‘टू’वर पाय गप्प, हातात स्नेअर, आणि लगेच ‘अँड’वर किक. पायाची ओळ बेरजेने तपासा : एक, अर्धी, अर्धी, एक, एक, एकूण चार. बेरीज चार भरली नाही तर तुम्ही एखादं चिन्ह चुकीचं वाचलं आहे.

आता स्तंभ मोठ्याने : ‘हॅट-किक, हॅट, हॅट-स्नेअर, हॅट-किक, हॅट-किक, हॅट, हॅट-स्नेअर, हॅट’. मेट्रोनोम मिनिटाला ६०वर लावा. मग मात्रा एक सेकंदाची होते आणि दोन फुल्यांमध्ये अर्धा सेकंद मिळतो. स्नेअरनंतर अर्ध्या सेकंदाने किक, तिच्यानंतर अर्ध्या सेकंदाने आणखी एक किक. या संथ लयीत विचार करायला वेळ राहतो, आणि या लयीत नीट येत नसेल तर ९०वर येणार नाही.

इथे काय बिघडतं ते सांगतो. बहुतेकांची जादाची किक लवकर पडते, स्नेअरला चिकटून, कारण स्नेअर वाजली की पाय उतावीळ होतो. दुसरा प्रकार असा की पाय नवीन काम करायला लागला की उजवा हात त्याच्या मागे जातो आणि चौथ्या स्तंभात हाय-हॅट गळतो किंवा दोनदा वाजतो. हे वाजवताना स्वतःला कळत नाही. फोन समोर ठेवून चार बार रेकॉर्ड करा आणि ऐकताना फक्त हाय-हॅट मोजा. प्रत्येक बारमध्ये सारख्या अंतराचे आठ ठोके आले पाहिजेत. आठ सरळ असतील आणि तरी बीट वाकडा वाटत असेल, तर दोष पायात आहे. मग काठ्या बाजूला ठेवा, तोंडाने मोजत फक्त पायाची ओळ वाजवा, आणि ती चार बार सलग बरोबर आली की हात पुन्हा घ्या. दांड्या वर-खाली वेगळ्या छापण्याचा खरा फायदा इथे मिळतो. पायाची ओळ एकटी डोळ्यांनी वेगळी काढता येते.

अंतरावर मात्र विसंबू नका. टाइप केलेल्या आकृतीत सगळे स्तंभ समान अंतरावर आहेत. छापील पुस्तकात एखादा बार ओळीत बसवण्यासाठी आवळलेला असतो, एखादा ताणलेला. दोन डोक्यांमधली जागा कमी दिसली म्हणून ती जलद वाजवायची नसते. वेळ पट्ट्या, शेपट्या आणि रेस्ट सांगतात, मोकळी जागा सांगत नाही.

हाय-हॅटबद्दल थोडं अधिक, कारण या एका वाद्याला पानावर दोन जागा आणि काही खुणा मिळालेल्या आहेत. काठीने वाजवायचा हाय-हॅट पाचव्या रेघेच्या वर. पण डाव्या पायाने पेडल दाबून दोन थाळ्या आपटायच्या असतील, तर फुली पार खाली जाते, पहिल्या रेघेच्याही खाली. तिथे फुली दिसली की नवखा माणूस तिला बेस ड्रम समजतो. बेस ड्रमचं डोकं गोल असतं आणि तो रेघेच्या वर, स्पेसच्या आत असतो. ही फुली रेघेच्या खाली लोंबते. डोक्याचा आकार पाहिलात की चूक होणार नाही. सुरुवातीच्या धड्यांत ती फारशी येत नाही.

काठीने वाजवायच्या फुलीच्या डोक्यावर छोटं वर्तुळ असेल तर हाय-हॅट उघडा, म्हणजे तो ठोका पडताना डावा पाय थोडा उचललेला. अधिकचं चिन्ह असेल तर बंद. काहीच नसेल तर बंद धरायचा. उघडा हाय-हॅट घुमत राहतो, म्हणून इथे तो कधी थांबवायचा हा प्रश्न येतो, जो स्नेअरला येत नाही. समजा आपल्या पहिल्या बारमध्ये शेवटच्या, म्हणजे चौथ्या मात्रेच्या ‘अँड’च्या फुलीवर वर्तुळ आहे आणि पुढच्या बारच्या पहिल्या फुलीवर अधिकचं चिन्ह आहे. पाय चौथ्या मात्रेच्या ‘अँड’ला उचलायचा आणि पुढच्या ‘वन’ला, किक वाजते त्याच क्षणी, दाबायचा. उजवा पाय किक मारतो आणि डावा पाय पेडल दाबतो, दोन्ही एकदम. पाय उशिरा बंद केला तर तो घुमणारा आवाज पुढच्या बारमध्ये सांडतो आणि ‘वन’ची किक त्याच्याखाली दबून जाते. ऐकून लगेच समजतं.

फुलीचं आणखी एक रूप. तिसऱ्या स्पेसमध्ये, म्हणजे स्नेअरच्या जागी, गोलाऐवजी फुली आली तर तिथे धातूचं काही आलेलं नसतं. ती क्रॉस-स्टिक : काठी स्नेअरवर आडवी ठेवून तिचा दांडा कडेवर आपटायचा, लाकडी ‘टक’ आवाज येतो. संथ गाण्यांच्या धड्यांत हे बरंच दिसतं. म्हणजे जागा वाद्य सांगते आणि डोक्याचा आकार वाजवण्याची तऱ्हा सांगतो, असं धरलंत की हा अपवाद वाटत नाही. याच तऱ्हेने गोल डोकं कंसात असेल तर तो घोस्ट नोट, अगदी हलका, आणि डोक्यावर आडवं बाणाचं टोक असेल तर जोर द्यायचा.

पुस्तकाच्या पहिल्या पानांवर कदाचित एकट्या स्नेअरचे धडे असतील. त्यात सगळे गोल एकाच उंचीवर असतात, तिसऱ्या स्पेसमध्ये किंवा चक्क एकाच रेघेवर, आणि खाली आर व एल ही अक्षरं. ती उजव्या आणि डाव्या हातासाठी आहेत, त्यांचा वाद्याशी संबंध नाही.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, दुसऱ्या शीटवर सिंबल वेगळ्या जागी का. ड्रमसेटच्या नोटेशनला जगभर एकच सक्तीचा नियम कधीच नव्हता. अमेरिकेतल्या पर्कसिव्ह आर्ट्स सोसायटीने १९९८ साली नॉर्मन वाइनबर्ग यांची प्रमाणित पद्धतीची मार्गदर्शिका प्रकाशित केली, आणि आज बरीच पुस्तकं तिच्या जवळपास आहेत. तुम्हाला वर सांगितलेल्या जागा त्याच. पण जुनी पुस्तकं, परीक्षा मंडळांची पुस्तकं आणि हौशी लोकांनी बनवलेली शीट्स आपापली पद्धत चालवतात. माझ्या पाहण्यात बेस ड्रम आणि स्नेअरच्या जागा सहसा हलत नाहीत. हलतात ते सिंबल आणि टॉम. कुठे हाय-हॅट पाचव्या रेघेवर येतो, कुठे राइड आणि हाय-हॅट एकाच जागी लिहून वर शब्दात सांगितलेलं असतं. प्रमाण पद्धतीत राइडच्या फुलीतून पाचवी रेघ आरपार जाते, हाय-हॅटची फुली त्या रेघेवर टेकलेली असते, आणि क्रॅशची फुली आणखी वर, स्वतःच्या छोट्या जादा रेघेवर असते. धुरकट झेरॉक्सवर पहिल्या दोहोंतला फरक दिसत नाही, म्हणून शक्य असेल तर मूळ छापील पान वापरा.

म्हणून कुठलंही नवीन पुस्तक हातात घेतलं की पहिला धडा उघडू नका, चिन्हांचा तक्ता शोधा. तो सुरुवातीच्या किंवा शेवटच्या पानांवर असतो. ग्रेड परीक्षा देणार असाल तर त्या मंडळाचाच तक्ता धरा, माझा नाही. तक्ता नसलेलं शीट असेल तर असा अंदाज करा : बारभर सारख्या अंतराने येणाऱ्या सर्वांत वरच्या फुल्या म्हणजे हाय-हॅट किंवा राइड. साध्या चार-चारच्या पाश्चात्त्य पॉप-रॉक बीटमध्ये मधल्या उंचीवर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला येणारा गोल म्हणजे स्नेअर. सर्वांत खालचा गोल म्हणजे बेस ड्रम. गाण्याचं रेकॉर्डिंग असेल तर दोन बार ऐकून ताडून पाहा. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला कडक ‘टाप’ ऐकू येतो तिथे तुम्ही स्नेअर धरलेली नोट असली पाहिजे.

संगणक असेल तर आणखी एक उपाय आहे. म्युझस्कोर हे नोटेशनचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं. त्यात ड्रमसेटचा स्टाफ घ्या आणि वरचा पहिला बार स्वतः भरा. हाय-हॅट आणि स्नेअर वरच्या दांड्यांच्या ओळीत, बेस ड्रम खालच्या. मग प्ले दाबा. चुकीच्या स्पेसमध्ये गोल टाकला असेल तर स्नेअरऐवजी टॉमचा आवाज येईल आणि जागेवर दुरुस्त करता येईल. पुस्तकातला एखादा बार कळत नसेल तेव्हाही तो तिथे उतरवून ऐका, पण आधी स्तंभ तोंडाने म्हणून झाल्यावर. आधीच ऐकलंत तर कान पुढे धावतो आणि डोळे पानावरून उठतात.

दोन्ही बार जमले की ते एकामागोमाग लिहा, पहिला, दुसरा, पहिला, दुसरा, आणि न थांबता वाचत वाजवा. तेव्हा डोळा वाजत असलेल्या स्तंभावर न ठेवता चार स्तंभ पुढे ठेवा, विशेषतः बारच्या उभ्या रेघेपाशी. दुसऱ्या बारमधली जादाची किक तुम्हाला पहिल्या बारचा शेवटचा हाय-हॅट वाजत असतानाच दिसलेली हवी.